वैशाली कोण?

प्रसेनजितनं रसवंती सुरू केली तेव्हा पाटीवर काय लिहायचं यावरून घरात वाद झाला होता. आमच्या भागात रसवंत्यांची नावं ठरलेली असतात, देवाची नाहीतर नाथाची. यानं पेंटरकडून लाल अक्षरांत लिहून घेतलं, वैशाली रसवंती. ढोकीच्या कारखान्याकडं वळणाऱ्या रस्त्यावर, एसटीच्या थांब्याजवळ त्याचा गाडा उभा राहिला आणि पहिल्याच दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारायचं. वैशाली कोण?

तो हसायचा आणि कुणाला काहीही सांगायचा. ट्रॅक्टरवाल्यांना सांगायचा, होणारी बायको. म्हाताऱ्यांना सांगायचा, गाय. मला त्या पाटीचा तेव्हा राग यायचा. आता नाही येत. ज्यांना हा प्रश्न विचारणं भाग होतं, त्या डॉक्टरांपैकी कुणीच तो दीड वर्ष विचारला नाही, राग त्याचा येतो.

आम्ही तेरचे. याचे वडील गुलाब गवंडी आहेत. हातात ओळंबा घेऊनच त्यांचा जन्म झाला असं त्यांचे सोबती म्हणतात. प्रसेनजितला शाळेचं वेड नव्हतं. मी बी.ए. झालेली, मला वाटायचं पोरानं निदान पदवी तरी घ्यावी. पण त्याचा जीव फरशीत. दोन फरश्यांमधली फट त्याला डोळे मिटून बोटानं कळायची. एकविसाव्या वर्षी तो बिहारला गेला. वैशालीला एक संस्था यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधत होती आणि त्यांना फरशी बसवणारे हवे होते. बुद्धांच्या वैशालीला आपला पोरगा फरशी बसवायला चाललाय, याचं गुलाबांना एवढं कौतुक, की एसटीत बसेपर्यंत ते त्याची पिशवी स्वतःच धरून उभे होते.

कामगार राहायचे जवळच्या वस्तीत, मातीच्या भिंतींच्या घरात. भिंतीपलीकडे गोठा. संध्याकाळ झाली की डासापेक्षाही बारीक माशा चावायच्या. आवाज न करता चावतात, असं तो फोनवर सांगायचा. तिला वाळूमाशी म्हणतात, हे आम्हाला पुढं कळलं.

त्या हिवाळ्यात त्याला ताप आला. उतरायचा आणि परत चढायचा. आधी टायफॉइड म्हणून औषध झालं, मग मलेरिया म्हणून. पोरगं वाळत गेलं, पोट मात्र फुगत गेलं. पानथरी, म्हणजे प्लीहा, डाव्या बरगडीखालून हाताला लागायला लागली. अंगाचा रंग काळवंडला. शेवटी तिथल्या सरकारी दवाखान्यात बोटातून रक्त काढून एका पट्टीवर टाकलं आणि नाव सांगितलं, कालाजार. शिरेतून एक महागडं औषध दिलं, एकाच दिवसात, सरकारी खर्चानं. ताप उतरला. पानथरी बसली. महिनाभरात तो भाकरी मागून खायला लागला. त्या दवाखान्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी माझा मुलगा परत दिला. पुढं चेहऱ्यावर काही उठू शकतं, हे तिथं कुणी सांगितलं असलंच तर त्याला आठवत नाही. तापातून उठलेल्या पोराला काय आठवणार?

त्यानं फोनवर सांगितलेलं नाव गुलाबांनी ऐकलं आणि वस्तीत सांगितलं, पोराला काळी कावीळ झाली होती. आमच्याकडं काळी कावीळ सगळ्यांना ठाऊक आहे. काळ्या रंगाचं, तापाचं, पोटाचं दुखणं म्हटलं की तेच नाव. कालाजार हा शब्द आमच्या जिल्ह्यात कुणी ऐकलेलाच नाही, कारण तो आजार इथं होत नाही. प्रसेनजितलाही वाटलं, हिंदीत कालाजार तर मराठीत काळी कावीळ. दोन अगदी वेगळे आजार. एक यकृताचा, दुसरा त्या माशीनं अंगात सोडलेल्या जंतूचा. पण शब्द बसला तो बसला.

परत आल्यावर फरशीचं काम त्याला झेपेना. उकिडवं बसून धाप लागायची. म्हणून रसवंती. जागा कोंडीराम पाटलांची. रस्त्याकडेचा त्यांचा कोपरा मोकळा होता, ऊसही त्यांच्याच शेतातला. कोंडीराम रोज चार वाजता मोटारसायकल लावून यायचे आणि घुंगराचा आवाज सुरू व्हायच्या आत ओरडायचे, "पशा, आलं जास्त, बर्फ कमी. मागल्या बारीला सर्दी झाली तुझ्या वैशालीनं." पोरगं हसत चरकात ऊस घालायचं. कष्टानं उभं केलेलं त्याचं स्वतःचं असं ते पहिलंच काही होतं.

पहिला डाग मला दिसला तो पावसाळ्यानंतर. ओठाच्या बाजूला, फिकट, मसूर डाळीएवढा. मी त्याला उजेडात ओढून नेलं, तो म्हणाला, "आई, उसाचा रस उडला असंल." पुसला, गेला नाही. मग हनुवटीवर, गालांवर, कपाळावर तसेच. खाज नाही, ताप नाही, आग नाही. जेवण भरपूर, झोप भरपूर. हेच तर या आजाराचं कपट आहे. माणूस ठणठणीत असतो. ताप जाऊन वर्ष दीड वर्ष उलटलेलं असतं. तो ताप आणि हा डाग यांचं नातं कुणाच्या मनात तरी येईल का?

गावातल्या डॉक्टरांनी मानही वर न करता सांगितलं, शिबं. मलम दिलं. शिब्याला कोंड्यासारखी पापडी सुटते, खाज येते, इथं दोन्ही नव्हतं. मलम संपलं, डाग वाढले. मग शहरातल्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडं. तिथं रांगेत दुपार गेली, आणि खुर्चीवर बसून उठेपर्यंत सांगून झालं, कोड. कोडाचा डाग चुन्यासारखा पांढराफटक होतो, याचे डाग नुसते फिकट होते, हे मी, एक बी.ए. झालेली बाई, बघू शकत होते. मी तसं म्हटलं तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही इंटरनेटवर फार वाचता."

आधीच्या आजाराबद्दल त्यांनी विचारलं नाही असं नाही. विचारलं. गुलाब नेहमी पोराच्या पुढं बोलतात. म्हणाले, काळी कावीळ झालती, बरी झाली. प्रसेनजित मागून म्हणाला, "डॉक्टर, तिकडं कालाजार म्हणत होते." डॉक्टर लिहीत लिहीत म्हणाले, "म्हणजे तेच ते." आणि यकृताच्या तपासण्या लिहून दिल्या. यकृत चांगलं निघालं. त्यावर डॉक्टर खूश, जणू डाग यकृतावर होते.

पुढच्या उन्हाळ्यात हनुवटीवर गाठी उठल्या. डागांच्या मधेच, हरभऱ्यासारख्या, दुखत नसलेल्या. एक कानाच्या पाळीवर. रसवंतीवर गिऱ्हाइकांची नजर ग्लासावरून त्याच्या तोंडाकडं जायला लागली. आम्ही आणखी एका मोठ्या डॉक्टरकडं गेलो, जिल्ह्याबाहेर. त्यांनी लांबूनच बघितलं. लांबून म्हणजे टेबलाच्या पलीकडून, हात न लावता. म्हणाले, कुष्ठरोग. टाचणी टोचली नाही. कापूस फिरवला नाही. कोपरामागची नस चाचपली नाही. कातडीचा नमुना घेतला नाही. चिठ्ठी दिली, त्या चिठ्ठीवर आरोग्य केंद्रात गोळ्यांची पाकिटं मिळाली.

त्या गोळ्यांनी लघवी लाल झाली आणि चेहरा तांबूस काळा पडला. डाग आणि गाठी होत्या तशाच, आता काळ्या चेहऱ्यावर जास्त उठून दिसायला लागल्या. लोक म्हणाले, वाढलाय.

कोण बोललं ते मी शोधत बसले नाही. अशा बातमीला पाय लागतात. महारोग हा शब्द थांब्यावर आधी कुजबुजत आला, मग मोठ्यानं. मला हे लिहिलंच पाहिजे, महारोग असता तरी काय झालं असतं? गोळ्या सुरू केल्या की तो माणूस कुणाला आजार देत नाही, हे आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. त्याच भिंतीला टेकून लोक बोलत होते.

गिऱ्हाईक आधी कागदी कप मागायला लागलं. काचेचे ग्लास नकोत. मग काहीजण घरून बाटली आणायचे आणि लांबून ओतायला सांगायचे, वरून, बाटलीला हात न लावता. प्रसेनजित कागदी कपांचा गठ्ठा घेऊन आला, त्या दिवशी गुलाब गाड्यावर होते. त्यांनी तो गठ्ठा उचलला आणि रस्त्यापलीकडच्या खड्ड्यात फेकला.

"माझ्या बापाला हॉटेलात बाहेर ठिवलेली कपबशी होती," ते म्हणाले. "वळचणीला. सोताच धुवून सोताच ठिवायची. वरून च्या वतायचे. ते म्या बघितलंय. आन तू सोताच्या गाड्यावर तेच मांडतोस व्हय?"

प्रसेनजित म्हणाला, "आण्णा, ते दुसऱ्यामुळं होतं. हे माझ्या तोंडामुळं हाय."

माझा त्या क्षणाचा राग अजून निवलेला नाही. पोरानं स्वतःच्या चेहऱ्याला गुन्हेगार ठरवलं होतं. आणि ज्यांनी त्याच्या हातचा रस नाकारला, त्यांच्यातल्या किती जणांना आजाराची भीती होती आणि किती जणांना एक जुनं निमित्त नव्यानं सापडलं होतं, हे मला कुणी सांगू नये. मी थांब्यावर उभी होते, मी चेहरे बघितलेत.

शेवटी कोंडीराम आले. त्यांनी मोटारसायकल बंदही केली नाही. म्हणाले, पशा पोरगा चांगला आहे, पण लोक बोलतात, आणि जागा त्यांची म्हणून नाव त्यांचं निघतं. शिवरात्रीपासून रसाचा हंगाम. तोवर बरा झालास तर बघू, नाहीतर गाडा उचल. त्यांचा ऊस मात्र घ्यावा, ऊस द्यायला त्यांची हरकत नव्हती. ज्या उसाचा रस प्यायला जीभ धजत नाही, तो ऊस विकायला हात धजत होता.

गाडा गेला असता तर प्रसेनजित घरातून बाहेर पडला नसता. हे मला आई म्हणून कळत होतं. तो आधीच आरशाकडं पाठ करून दाढी करायचा.

मी हट्टानं त्याला सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात नेलं. यावेळी गुलाबांना म्हटलं, तुम्ही बाहेर बसा. तिथल्या डॉक्टर अर्पिता, वयानं प्रसेनजितपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी त्याला खिडकीपाशी बसवलं. डोळे मिटायला सांगून प्रत्येक डागावर कापूस फिरवला, टाचणी लावली. तो प्रत्येक वेळी बरोबर सांगत होता, इथं, इथं. डाग बधिर नव्हते. कोपराच्या नसा चाचपल्या, कुष्ठरोगात होतात तशा जाड नव्हत्या. कानाच्या पाळीतून आणि हनुवटीच्या गाठीतून नमुने घेतले आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

गेलो तेव्हा डॉक्टर अर्पिता त्या नमुन्यांच्या स्लाइडचा कागद हातात धरून विचारात बसल्या होत्या. म्हणाल्या, एवढ्या गाठी कुष्ठरोगाच्या असत्या तर स्लाइड जंतूंनी भरली असती, गोळ्या चालू असल्या तरी निदान मेलेले दिसले असते. इथं एक नाही. म्हणजे कुष्ठरोग नाही. मग काय आहे, ते मात्र त्यांना सांगता येईना. त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारायला घेतलं. काम काय करतोस?

"रसवंती हाय, मॅडम. ढोकीला. वैशाली रसवंती."

त्या थकल्या होत्या, जरा हसल्या. "वैशाली कोण?"

दुसरा कुठला दिवस असता तर त्यानं बायको सांगितलं असतं, गाय सांगितलं असतं. त्या दिवशी त्याच्यात थट्टा उरली नव्हती. तो म्हणाला, "गाव हाय. बिहारात. म्या तिथं कामाला होतो. मोप दिवस."

त्यांचं हसू गेलं. खुर्ची पुढं ओढून त्यांनी विचारलं, "तिथं तुला ताप आला होता का? खूप दिवस? पोटात डावीकडं गाठ?"

माझ्याकडच्या, शहरातल्या डॉक्टरांच्या कागदावर काळी कावीळ लिहिलेलं होतं. मी तो पुढं केला तर त्यांनी बघितलासुद्धा नाही. त्याच्याकडं बघत राहिल्या. तो म्हणाला, "कालाजार."

मग त्यांनी आम्हाला समजावलं, घाई न करता. औषधानं ताप जातो, पानथरी बसते, माणूस बरा होतो. पण काहीजणांच्या कातडीत तो जंतू दबा धरून राहतो आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, चेहऱ्यावर फिकट डाग किंवा गाठी होऊन वर येतो. बिहारमध्ये हे बघणारे डॉक्टर आहेत. इथं पुस्तकात एक परिच्छेद असतो. रक्ताची पट्टीवरची तपासणी त्या करणार होत्या, पण ती जुन्या आजारामुळंही बरीच वर्षं होकार देत राहते, म्हणून तेवढ्यावर विसंबता येत नाही. जंतू कातडीत दिसायला हवा. फिकट डागात तो क्वचित सापडतो, गाठीत सापडण्याची शक्यता जास्त. त्यांनी जुन्याच स्लाइड परत मागवल्या, नव्या घेतल्या, एक नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. जुन्या स्लाइड कुष्ठरोगाच्या रंगानं रंगवलेल्या होत्या, त्यात हा जंतू ओळखू आला नव्हता. नव्या स्लाइडवर, दुसऱ्या रंगात, तो होता. पुण्याहूनही तेच आलं.

दीड वर्ष. तो जंतू माझ्या मुलाच्या हनुवटीत बसला होता आणि तीन डॉक्टरांनी तीन नावं दिली. त्यांना हा आजार ओळखता आला नाही, याचा मला तितका राग नाही. जे कधी बघितलं नाही ते कसं ओळखणार? पण कुठं होतास, एवढं विचारायला काय लागतं? आपल्या जिल्ह्यात हा आजार नाही, म्हणे. जिल्ह्यात नसेल, पण माणसं जिल्ह्याबाहेर जातात. आमच्याकडची निम्मी माणसं ऊस तोडायला, वीट भाजायला, फरशी बसवायला बाहेर जातात. ती काय अंगावर जिल्ह्याची हद्द घालून फिरतात?

औषधही जिल्ह्यात नव्हतं. अर्पिता मॅडमनी फोनवर फोन केले आणि कॅप्सूल सरकारकडूनच आल्या, फुकट, पण वाट बघायला लावून. बारा आठवडे, जेवणावर, एकही चुकवायची नाही. मळमळेल, डोळे लाल झाले तर लगेच या, रक्त तपासत राहू. मी विचारलं, याच्यापासून घरात कुणाला? त्या म्हणाल्या, हातानं, ग्लासानं, श्वासानं नाही. त्या माशीनं याला चावून मग दुसऱ्याला चावलं तरच. वैशालीत असा एक माणूस उपचाराविना राहिला तर वस्तीत आजार जिवंत राहतो, म्हणून तर गाठी दुखत नसल्या तरी औषध पूर्ण घ्यायचं.

शिवरात्रीच्या आधी आम्ही कोंडीरामांकडं गेलो. सांगितलं, महारोग नाही. त्यांनी विचारलं, मग काय? प्रसेनजितनं नाव सांगितलं, वैशालीला झालेला कालाजार. कोंडीराम लगेच म्हणाले, "म्हंजे काळी कावीळच की. ती तर लई लागती."

तेव्हा गुलाब बोलले. हे माणूस कुणासमोर चूक कबूल करणारं नव्हे. भिंत वाकडी झाली तर जमीन वाकडी आहे म्हणणारं. "काळी कावीळ न्हाय, पाटील. त्यो शबुद माझा. म्याच चुकीचा आयकला आन म्याच गावभर केला. डाक्टरलाबी म्याच सांगितला. पोराचं तोंड माझ्या शबदानं गेलं. आता तुमी त्यो शबुद सोडा."

कोंडीराम म्हणाले, बरं, गाडा राहू दे, पण तोंड साफ होईस्तोवर पोरानं गाड्यावर थांबू नये, गुलाबनं थांबावं. गुलाब म्हणाले, "गाडा त्याचा हाय. त्यो न्हाय तर गाडाबी न्हाय." आणि दोघा बापलेकांनी त्याच दुपारी गाडा ढकलत रस्त्याच्या पलीकडं नेला, सरकारी जागेत, एका लिंबाच्या झाडाखाली. सावली अर्धीच. ऊस तेरहून आणायला लागला.

तो हंगाम वाईट गेला. कॅप्सूलनं त्याला उलट्या व्हायच्या. सकाळी मी त्याला भात भरवून कॅप्सूल द्यायची आणि तो तोंड दाबून बसायचा. तरी गाड्यावर जायचा. चार काचेचे ग्लास घासून उलटे मांडायचा. गिऱ्हाईक येवो न येवो. कागदी कप त्यानं परत आणले नाहीत.

मे संपता संपता हनुवटीची गाठ चपटी झाली. मग कानाची. त्या काळ्या पडलेल्या चेहऱ्याचा रंग हळूहळू परतायला लागला. फिकट डाग अजून आहेत. मॅडम म्हणतात, औषधानं जंतू मेला तरी रंग यायला महिने लागतात, कधी वर्ष, घाबरू नका. मी घाबरते. रोज सकाळी त्याला उजेडात घेते आणि बघते, वाढले तर नाहीत. तो वैतागतो. मॅडमनी सांगितलंय की पुढंही तपासायला यायचं, म्हणून मी बघते, आणि मॅडमनी सांगितलं नसतं तरी बघितलं असतं.

परवा चार वाजता मी गाड्यावर होते. कोंडीराम पलीकडच्या बाजूला मोटारसायकल लावून उभे राहिले. त्यांच्या कोपऱ्यात आता कुणी दुसरा चहाटपरीवाला आहे. बराच वेळ उभे राहून ते चालत रस्ता ओलांडून आले. पाटीकडं बघितलं, जणू पहिल्यांदाच वाचताहेत.

"आता लागत न्हाय ना रं, पशा?"

मी काहीतरी बोलणार होते. खूप बोलणार होते. प्रसेनजितनं चरक सुरू केला, घुंगरू वाजायला लागलं आणि माझा आवाज त्यातच राहिला. तो म्हणाला, "तवाबी लागत नव्हतं, काका. आलं जास्त, बर्फ कमी?"

त्यानं काचेचा ग्लास भरून पुढं केला. कोंडीरामांनी तो घेतला, ओठांना लावला, सगळा प्यायला आणि ग्लास ठेवताना म्हणाले, तुमच्या त्या वैशालीनं लई पिडलं पोराला. आणि हसले.

प्रसेनजितही हसला. मी नाही हसले. त्यानं तो ग्लास घासला, इतर ग्लासांच्या रांगेत उलटा ठेवला आणि मला म्हणाला, "आई, तू जा घरी. तुझ्या तोंडानं गिऱ्हाईक पळंल."